नऊ फुगे

शाळेत त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. पाच वर्षांच्या पोरांनी एकदा बारसं केलं की ते कायमचंच. जाड भिंगांमुळे त्या झाल्या चष्म्याच्या बाई, आणि यंदा शेजारच्या वर्गावर आलेली पंचविशीतली मुलगी झाली वेणीच्या बाई.

चष्म्याच्या बाई सतरा वर्षं बालवर्ग सांभाळत होत्या. दहाच्या जोड्या, म्हणजे कोणते दोन आकडे मिळून दहा होतात ते शिकवायचं, हा त्यांचा हातखंडा. त्यांचा सरावाचा कागदही सतरा वर्षांचा होता. तीन अधिक रिकामा चौकोन बरोबर दहा, अशा दोन रांगा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून चौकोनांच्या कडा पुसट झाल्या होत्या, पण काम चाललं होतं.

मग वेणीच्या बाईंनी नवा कागद केला. वर दहा घरांची चौकट, तिच्यात सोंगट्या ठेवायच्या. सहा घरांत लाल ठेवल्या की उरलेल्या चार घरांत निळ्या. खाली पक्षी, काही फांदीवर, काही तारेवर. मग दोन रंगांचे फुगे. शेवटी मोकळी जागा, तिथे मुलाने स्वतःच्या मनाची जोडी मांडायची. पाठीमागे घरच्या मोठ्यांसाठी सूचना होत्या, पेपर तपासायचा कसा याच्या.

मुख्याध्यापिकांनी त्या सूचना शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवल्या. "'तीन आणि सात लिहिलं काय, सात आणि तीन लिहिलं काय, दोन्ही बरोबर. अंक उलटा काढला असेल तरी जोडी बरोबर धरा, शेजारी सुलटा अंक काढून दाखवा. बोटं मोजली म्हणून रागावू नका. चुकलं तर फुली मारू नका, सोंगट्या मांडून पुन्हा मोजू द्या.' काय सुरेख लिहिलंय! इतकी वर्षं आपल्याला कसं नाही सुचलं?"

त्या 'आपल्याला'मध्ये कोण कोण होतं ते चष्म्याच्या बाईंना बरोबर कळलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. त्या सूचनांतली एकेक गोष्ट त्या वर्गात रोज करत होत्या. फक्त कागदावर कधी उतरवली नव्हती.

"तुम्ही एकदा नजर टाका," मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या. "अनुभवी डोळा हवा."

मधल्या सुट्टीत बाई रिकाम्या वर्गात बसल्या आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक चित्र मोजू लागल्या. चौकट बरोबर. फांदीवर सात पक्षी, तारेवर तीन. बरोबर. फुगे... लाल चार. निळे पाच. पुन्हा मोजले. पाचच. वर छापलं होतं 'हे दहा फुगे' आणि मागच्या उत्तरांत होतं, चार आणि सहा.

जिवाला कसं गार वाटलं. इतकं गार की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण बघू दे की सगळ्यांना, त्या मनात म्हणाल्या, सुरेख कागद म्हणे! खाली 'तपासले' लिहून त्यांनी सही ठोकली.

शुक्रवारी दोन्ही वर्गांचे कागद घरोघरी गेले. शनिवार-रविवार बाईंचं कशात लक्ष लागेना. फोन वाजला की वाटायचं, आलं बोलावणं. सोमवारी कागद परत आले तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. बहुतेकांच्या घरी मोठ्यांनी फुगे मोजलेच नव्हते. पोरांकडून सहा लिहून घेतलं होतं आणि शेजारी चांदणी काढली होती.

फक्त एका कागदावर चार आणि पाच होते. पाचावर लाल शाईची भलीमोठी फुली. कागद खारूताईचा. दप्तरात खडे, बिया, बटणं साठवणारी ही चिमुरडी चष्म्याच्या बाईंच्याच वर्गात होती आणि सगळ्यांत पक्की मोजणारी होती.

बाईंनी तिला टेबलाशी बोलावलं. चौकटीत आठ लाल सोंगट्या मांडल्या.

"सांग बघू, अजून किती लागतील?"

एरवी तिने रिकामी घरं बघून पटकन 'दोन' म्हटलं असतं. आज तिने चौकटीकडे पाहिलंच नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्हाला किती हव्यात?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी तिच्या कागदावरची फुली पुन्हा एकदा पाहिली.

शाळा सुटल्यावर खारूताईचे आजोबा थांबले. उभा जन्म बस चालवलेला माणूस, आवाज खणखणीत. ते थेट वेणीच्या बाईंच्या वर्गाच्या दारात गेले. चष्म्याच्या बाई मागोमाग गेल्या. पाय आपोआप गेले म्हणा ना.

"बाई, पोरगी म्हणत होती नऊच आहेत," आजोबा सांगू लागले. "मी म्हटलं, गप. छापणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. फुली मारू नका असं लिहिलं होतं, तरी रागाने मारली. रडून झोपली ती. आज सकाळी सहज मोजले, तर खरंच नऊ!"

वेणीच्या बाईंनी कागद ओढून घेतला. ओठ हलवत मोजलं. "माझीच चूक," ती म्हणाली. "एक फुगा काढायचा राहिला माझ्याकडून. काका, मला माफ करा."

इथे गप्प राहिलं असतं तर सगळं मनासारखं झालं असतं. सही ठोकताना हेच तर हवं होतं.

"तिची एकटीची नाही," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "कागद तपासला मी. मला दिसलं होतं."

आजोबांना नीटसं उमगलं नाही. वेणीच्या बाईंना उमगलं. आजोबा गेल्यावर ती खाली बघून सोंगट्या डब्यात भरू लागली.

"दिसलं होतं तर सांगायचं ना, बाई. दोन शब्दांचं काम होतं."

"जळले गं मी तुझ्यावर," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

"मी तो कागद तुमचा वर्ग बघून केला होता," ती म्हणाली. "दाराशी उभी राहायचे मी, तुम्ही शिकवत असताना." आणि डब्याचं झाकण लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या बाईंनी फुग्यांचं चित्र फळ्यावर चिकटवलं आणि खारूताईला पुढे बोलावलं. तिने बोट लावून मोजलं. आवाज आधी बारीक होता, शेवटी जरा मोठा झाला. "नऊ."

"खारूताईचं बरोबर. कागद चुकला आणि मीही चुकले," बाई म्हणाल्या. वर्ग आ वासून बघत राहिला. बाई चुकतात, ही मोठीच बातमी होती. खारूताईने खडू मागून घेतला, फळ्यावर दहावा फुगा काढला आणि त्याला भली लांब दोरी जोडली. दुपारपर्यंत ती पुन्हा चौकटीतली रिकामी घरं बघून उत्तरं देऊ लागली.

बाईंनी मुख्याध्यापिकांनाही सगळं सांगितलं. त्यांनी कागद मागवून फुगे स्वतः मोजले. मग म्हणाल्या, "घरोघरी दुरुस्तीची चिठ्ठी जाऊ दे. तुमच्या सहीने." बाईंनी चिठ्ठी लिहिली, आणि सूचनांत एक ओळ वाढवली. 'मुलाचं उत्तर आमच्या उत्तराशी जुळलं नाही, तर आधी चित्र मोजा.'

पुढच्या महिन्यात वेणीच्या बाईंनी नवा कागद केला. तपासायला मात्र गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे दिला. व्हरांड्याच्या टोकाला त्या दोघी एका बाकावर बसून, डोक्याला डोकं लावून, चित्रातले मासे मोजत होत्या आणि मध्येच हसत होत्या. चष्म्याच्या बाई हजेरीपुस्तक घेऊन तिथून गेल्या. गाणाऱ्या बाईंचा त्यांना असा हेवा वाटला की विचारू नका. चार पावलं गेल्यावर त्या थबकल्या, मागे वळून पाहिलं, आणि वर्गात निघून गेल्या. पोरं वाट बघत होती.