हा उणे एक कुठून आला?

शिक्षकांच्या खोलीतल्या कोपऱ्याच्या टेबलावर एकतीस उत्तरपत्रिका होत्या, दोन लाल पेनं, त्यातलं एक संपलेलं, अर्धा कप गार चहा, आणि चारदा घडी घातलेला वहीचा एक कागद. उत्तरपत्रिका तपासून, मुलांना दाखवून परत घेतलेल्या होत्या. कागद सकाळी शिपाईमामांनी आणून दिला होता.

"तुमची चिमणी देऊन गेली," मामा म्हणाले. "हातात ठेवला आणि भुर्र."

चिमणी म्हणजे दुसऱ्या बाकावरची, आवाज न फुटणारी मुलगी. गणिताच्या बाईंनी कागद उघडला. वर सोमवारची तारीख होती, आणि आज गुरुवार होता.

"आदरणीय बाई,

चाचणीतला पाचवा प्रश्न, √(2x + 3) = x. मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, 2x + 3 = x². मग सगळं एका बाजूला आणलं, x² − 2x − 3 = 0. उत्तरं आली 3 आणि −1. तुम्ही चारपैकी चार दिलेत.

आज घरी मी ताळा करून पाहिला. तिसऱ्या ओळीत −1 घातला, 1 + 2 − 3, शून्य. बसला. दुसऱ्या ओळीत डावीकडे 1, उजवीकडे 1. बसला. पहिल्या ओळीत डावीकडे √1 म्हणजे 1, आणि उजवीकडे −1. नाही बसला. 3 मात्र तिन्ही ओळींत बसतो.

म्हणजे जे काही झालं ते पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये झालं. तिथे मी फक्त वर्ग केलाय, आणि दोन्ही बाजूंचा केलाय. माझी एकही पायरी चुकलेली नाही, चारदा पाहिलं. मग हा उणे एक कुठून आला? चूक न करता चुकीचं उत्तर येत असेल तर ते पकडायचं कसं?

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल."

बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. मग त्यांनी पहिल्या ओळीत −1 घालून पाहिला. गणितात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला याला किती वेळ लागावा? लागला नाही.

त्यांना हे माहीत नव्हतं असं नव्हे. उलट इतकं माहीत होतं, की सांगायचं राहूनच गेलं होतं. वर्गात त्यांनी √(5x − 6) = x हे उदाहरण सोडवलं होतं. त्याची उत्तरं 2 आणि 3, दोन्ही पहिल्या ओळीत नीट बसतात. तास संपत आला होता. "वर्ग करा, सोडवा, दोन्ही उत्तरं लिहा," असं म्हणून त्यांनी फळा पुसला होता. पुढची दोन उदाहरणंही अशीच गुणी निघाली. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आकडे बदलून नवं समीकरण रचलं, मुळं पूर्णांक येतात एवढं पाहिलं आणि उत्तरसूचीत लिहून टाकलं: रीत दोन गुण, 3 ला एक, −1 ला एक.

बरं, एकतीसपैकी तेवीस जणांनी दोन्ही उत्तरं लिहिली होती. सात जण पाचव्या प्रश्नापर्यंत पोचलेच नव्हते. राहिला एक.

त्या एकाची उत्तरपत्रिका बाईंनी गठ्ठ्यातून ओढून काढली. हा शेवटच्या बाकावरचा उंट. उंचीमुळे पडलेलं नाव, आणि तो ते मोठ्या मनाने मिरवायचा. त्याने खाली लिहिलं होतं: x = 3. त्यापुढे बाईंच्याच अक्षरात, लाल शाईत, "दुसरं उत्तर कुठे गेलं?" आणि चारपैकी तीन. प्रश्नचिन्ह चांगलं ठसठशीत काढलं होतं. आणि उजवीकडे, कच्च्या कामासाठी आखलेल्या पट्टीत, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "−1 घातला तर 1 = −1. चालणार नाही."

कच्चं काम तपासायचं नसतं, असं बाईंनीच वर्गाला सांगितलं होतं. त्यांनी ते तपासलंही नव्हतं.

एका गुणाची गोष्ट असती तर बाईंनी उंटाला बोलावून, पाठ थोपटून, प्रकरण मिटवलं असतं. पण ही चाचणी निवडीची होती. आंतरशालेय गणित स्पर्धेसाठी सहा जणांचा संघ जायचा होता, आणि यादी तीन दिवसांपासून फलकावर लागली होती. पहिल्या पाचांना एकोणीस किंवा वीस गुण. सहावी चिमणी, सतरा. सातवा उंट, सोळा.

बाईंनी पेन उघडलं आणि वहीत नवे गुण मांडले. ताळा न करता दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्यांचा एक गुण कमी. उंटाचा एक गुण जास्त. पहिले पाच अठराच्या खाली येत नव्हते, त्यांच्या जागा जिथल्या तिथे. तेवीस जणांच्या गुणांना कात्री लागणार होती, पण संघातून बाहेर पडणार होती ती एकटी, पत्र लिहिणारी.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आपल्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. त्यांच्या टेबलावर संघाचा अर्ज सहीसाठी तयार होता.

"एका गुणासाठी यादी फिरवायची?" ते म्हणाले. "पालक माझ्या दारात येतील. तुमच्या नाही."

"माझ्याकडे पाठवा, सर."

"अहो, कुणी तक्रार केलीय का?"

"तक्रार नाही. एक प्रश्न आलाय."

"मग उत्तर द्या ना प्रश्नाचं! यादीला कशाला हात लावता?"

"उत्तर दिलं की यादी चुकीची आहे हे वर्गाला तिथल्या तिथे कळेल. बेरीज करता येते त्यांना." बाईंनी अर्जाकडे पाहिलं. "सातवी जागा नाही का होणार, सर?"

"संघ सहाचा. नियम काय मी केलाय?" मोठ्या सरांनी चष्मा चढवला. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षातच चुका कबूल करायला लागलात, तर निवृत्त होईपर्यंत काय शिल्लक राहील तुमचं?" मग अर्ज त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला. "उद्या दुपारी सही करतो. तोवर ठरवा काय ते."

मधल्या सुट्टीत बाईंनी आधी उंटाला गाठलं. तो नळाशी वाकून पाणी पीत होता.

"पाचव्या प्रश्नात तू उणे एक का खोडलास?"

"चुकलंच ते, बाई," तो तोंड पुसत म्हणाला.

"का खोडलास ते विचारतेय."

"बसत नव्हता म्हणून. पण तुम्ही गुण कापलात ना, म्हटलं आपलंच काहीतरी राहिलं असणार. वर्गमूळ उणेही निघत असेल कधीकधी, म्हटलं."

"मग विचारायला का आला नाहीस?"

"तुम्ही प्रश्नचिन्ह केवढं काढलंय!" तो हसला. बाईंना हसता आलं नाही. बरोबर असलेल्या पोराला आपण लाल शाईने चुकीचं गणित शिकवलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

"तुझं काही राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझं राहिलं होतं. वर्गमुळाचं चिन्ह असतं तिथे उणे कधीच निघत नाही."

चिमणी आली ती दारातच उभी राहिली. तिची नजर आधी टेबलावरच्या घडीच्या कागदाकडे गेली.

"बस. आधी तुझ्या प्रश्नाचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद पुढे घेतला. "1 आणि −1 सारखे आहेत?"

"नाही."

"त्यांचे वर्ग?"

"सारखे."

"वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. म्हणून पहिल्या ओळीवरून दुसरीवर जाता येतं, पण दुसरीवरून पहिलीवर परत येता येईलच असं नाही. तुझी दुसरी ओळ दोन समीकरणांची आहे. एक आपलं. दुसरं हे." त्यांनी लिहिलं, −√(2x + 3) = x. "यात घाल −1."

चिमणीने बोटाने आकडे गिरवले. "उणे एक बरोबर उणे एक. बसला." तिचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे तो शेजारच्या घरचा आहे!"

"आणि आपल्या घरात आला. असं प्रत्येक वेळी होतं असं नाही. वर्गातल्या उदाहरणात दोन्ही आपलेच होते, म्हणून मी बेसावध राहिले. पकडायचं कसं, तर आलेलं प्रत्येक उत्तर अगदी पहिल्या ओळीत घालायचं. मधल्या ओळीत घातलं तर तो पकडला जात नाही, तू पाहिलंसच. आणि वर्ग करण्याआधीच विचार करायचा. डावीकडे वर्गमूळ, ते उणे नसतं. म्हणजे उजवीकडचा x उणे चालणारच नाही."

"इतकं सोपं?"

"इतकं सोपं. आणि मी सांगितलं नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता दुसरी गोष्ट. गुण बदलावे लागतील, आणि तुझा..."

"सोळा होतील," चिमणी म्हणाली. "मला माहितीये."

बाईंनी गुणांची वही मिटली.

"सोमवारी रात्रीच मोजलं होतं. उंट पाचव्या प्रश्नावरचं लाल प्रश्नचिन्ह सगळ्यांना दाखवत होता ना, त्याचे किती होतील तेही मोजले." ती फ्रॉकची शिवण चिमटीत धरून बोलत होती. "दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं पत्र. पण आजोबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आत्याला तर दोनदा केला, पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं नाही म्हणून. मग मी मंगळवारी दिलं नाही. बुधवारीपण नाही. वाटलं, कुणाला कळलं नाही तर राहू दे. बाई, मी वाईट आहे का?"

"मी ते समीकरण रचलं, शिकवलं, तपासलं," बाई म्हणाल्या. "तीन वेळा माझ्या हाताखालून गेलं. मला दिसलं नाही. तुला तीन दिवस लागले, आणि तुझी जागा जाणार होती." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "तुझ्या आजोबांना मी फोन करते."

"नको. ते मी सांगते." ती उठली. दाराशी गेल्यावर वळली. "आत्याला मात्र तुम्ही करा. तिला मोठ्याने सांगावं लागतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर पाचवा प्रश्न लिहिला, आणि त्याच्याखाली स्वतःची उत्तरसूची, जशीच्या तशी. "यात एक चूक आहे आणि ती माझी आहे," त्या म्हणाल्या. वीसपैकी वीसवाला पहिल्या बाकावरून म्हणाला, "म्हणजे माझे एकोणीस?" मागून कुणीतरी म्हणालं, "बिच्चारा! रुमाल द्या रे त्याला." वर्ग हसला. उंट हसला नाही. तो दुसऱ्या बाकाकडे बघत होता, आणि दुसरा बाक वहीत बघत होता.

मग बाईंनी नवं समीकरण दिलं, √(x + 6) = x, आणि वह्या गोळा केल्या. दुपारी मोठ्या सरांनी अर्जावर सही केली. बाईंनी फलकावरची जुनी यादी काढून तिथे नवी लावली.

सहावा: हजेरी क्रमांक सत्तावीस, सतरा गुण. सातवा: हजेरी क्रमांक अकरा, सोळा गुण.

वह्या एकतीस होत्या. अठ्ठावीस वह्यांमध्ये −2 पहिल्या ओळीत घालून खोडलेला होता. एकीत 3 सुद्धा खोडलेला होता. दोन कोऱ्या होत्या.