पंचेचाळीस सेंटीमीटर

"खुर्ची मिळालेली आहे," कारकून म्हणाला.

सहाय्यक साधनांच्या कार्यालयातली मामांची ही चौथी खेप होती. टेबल तेच, कारकून तोच, आणि वाक्यही तेच. कारकुनाने संगणकाचा पडदा थोडा तिरका केला आणि एका ओळीवर बोट ठेवले. भाचीचे नाव, तिच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा क्रमांक, मागच्या वर्षीच्या शिबिराची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: 'लाभ'.

"तीन वर्षांत एकदाच. नियम आहे, काका. अजून दोन वर्षं थांबा."

"ती खुर्ची तिच्या मापाची नाही. थेरपिस्टचा दाखला जोडलाय. बनवणाऱ्याचं दरपत्रक जोडलंय. उत्पन्नाचा दाखला जोडलाय, तो या महिनाअखेर संपतोय. तुम्ही वाचलंत का?"

"संगणक घेतच नाही तर वाचून काय करू?"

"मग नाही म्हणून लिहून द्या."

"लिहून कशाला? सांगतोय ना तोंडाने."

मामांची कानशिले तापली. बत्तीस वर्षे तंत्रशाळेत फिटरचे काम शिकवलेला माणूस. आवाज चढवायचा तो फक्त यंत्र चालू असताना, असा त्यांचा शिरस्ता. इथे एकही यंत्र चालू नव्हते, तरी आपला आवाज चढणार हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी फाईल काखेत मारली आणि ते निघाले. दाराशी, भिंतीला लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सात नव्या खुर्च्या एकीत एक घालून उभ्या केलेल्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर लाथ घातली असती.

*

संतापाचे मूळ मागच्या वर्षात होते, आणि त्यातला थोडा वाटा त्यांचा स्वतःचा होता. तेच त्यांना जास्त खुपत होते.

धाकट्या बहिणीची ही मुलगी अकरा वर्षांची. जन्मतःच तिचे पाय आणि पाठ तिच्या कह्यात नव्हते. शब्द हळू फुटत, पण एकदा फुटले की समोरचा निरुत्तर. म्हणून मामा तिला 'वकीलसाहेब' म्हणत. बहीण शिवणकामाच्या कारखान्यात काज-बटणे करी, आणि नवरा गेल्यापासून घरचा सगळा भार एकटीच ओढी.

शिबिराची बातमी आली तेव्हा तिने सुट्टी टाकली. मोठा मांडव, मोठे पाहुणे, ध्वनिक्षेपकावर नावे. भाचीचे नाव पुकारले, खुर्ची पुढे आली, पाहुण्यांनी हात लावला, फोटो निघाला, आणि कोणीतरी मामांपुढे कागद सरकवला: 'साधन मोजून दिले असून मापाचे आहे.' मागे रांग खोळंबली होती. पाहुण्यांना दुसरीकडे जायचे होते. मामांनी सही केली.

मोजल्याशिवाय सही नाही, हे वाक्य त्यांनी बत्तीस तुकड्यांना घोकायला लावले होते.

घरी आल्यावर कळले की खुर्ची धडधाकट मोठ्या माणसाची होती. भाची तिच्यात एका बाजूला घसरे, बसकेची खोली जास्त म्हणून पुढे सरके, आणि दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या तरी तासाभरात लवंडे. "मामा," ती म्हणाली होती, "यात मी आणि अजून एक मुलगी मावेल. तिला पण बोलाव."

तेव्हा मामांनी त्यांच्या जातीच्या माणसाने केली असती तीच चूक केली. तक्रार केली नाही, करवत काढली. आडव्या नळ्या कापून, पुन्हा जोडून, बसकेचे कापड आखडून त्यांनी खुर्ची आठ सेंटीमीटरने अरुंद केली. पंचेचाळीसची सदतीस झाली. त्याहून कमी केली असती तर पाय ठेवायच्या पाट्या एकमेकींवर चढल्या असत्या. खुर्ची आता मिटत नव्हती, आणि भाचीला तरीही मोठीच होती, कारण तिची मांडी ते मांडी रुंदी होती अठ्ठावीस. कापलेले तुकडे त्यांनी डब्यात घालून वर चिठ्ठी लावून ठेवले. ते काहीच टाकत नसत.

पुढे थेरपिस्टने भाचीला आपल्या खोलीत गादीवर बसवले, पाठीवरून बोटे फिरवली आणि मामांना बाजूला घेतले.

"कणा वाकायला लागलाय. येत्या वर्षा-दीड वर्षात हिची उंची भराभर वाढेल, त्याबरोबर बाकही वाढेल. पाठीला आणि बाजूंना आधार देणारी, हिच्या मापाची खुर्ची लागेल. आत्ता."

"घेऊन टाकू. कर्ज काढू."

"थांबा. आधी विकत घेतलीत तर कोणीच पैसे देणार नाही. मंजुरी आधी, खरेदी नंतर. सगळीकडे हाच नियम. सरकारी योजनेतून एवढ्या किमतीचा काही भाग मिळेल. उरलेला एक ट्रस्ट देतो, पण त्यांना सरकारी कार्यालयाचं पत्र लागतं. मंजुरीचं किंवा नकाराचं. कुठलंही, पण लेखी. सरकार देत असताना आपण दुसऱ्यांदा दिलं, असं त्यांना व्हायला नको असतं."

म्हणजे नकार मिळाला असता तरी दार उघडले असते. कार्यालय नकारही देत नव्हते.

*

पाचव्या खेपेला मामांनी बहिणीला सुट्टी टाकायला लावली आणि भाचीला, त्या कापलेल्या खुर्चीसकट, टेम्पोत घालून आणले.

"दादा, ओरडू नकोस हं," बहीण म्हणाली. "त्यांच्या हातात आहे सगळं."

"ओरडू दे गं," मागून भाची म्हणाली. "रोज घरी ओरडतो, फुकट जातं."

या वेळी ते कारकुनापाशी थांबलेच नाहीत. सरळ आतल्या खोलीत, अधिकारीबाईंच्या टेबलापुढे. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, चहा निवत ठेवलेला. त्यांनी खुर्चीकडे पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय केलंत? योजनेतलं साधन तोडलंत?"

"तोडलं नाही. कापलं. फरक आहे." मामांनी डबा उघडला आणि नळ्यांचे तुकडे टेबलावर ओतले. काचेवर खणखणाट झाला. बाहेरचा कारकून दारात आला. "हे तुमचे आठ सेंटीमीटर. एवढे काढूनही मुलीच्या दोन्ही बाजूंना उशा लागतात."

"अहो, पण साधनाची नासधूस केली म्हणून उलट तुमच्यावरच—"

"करा ना. लेखी करा. मला लेखीच पाहिजे."

बाईंनी फाईल उघडली, चाळली आणि एका कागदावर बोट ठेवले. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "काका, इथे लिहिलंय, मोजून दिलं, मापाचं आहे. सही कोणाची आहे ही?"

बहिणीने दादाकडे पाहिले. शिबिरात ती मुलीला खुर्चीत सावरत होती; ही सही तिला माहीत नव्हती.

"माझी," मामा म्हणाले. "मी चुकलो. न मोजता सही केली. त्याची मला रोज लाज वाटते, आणि हे मी लिहून द्यायला तयार आहे." त्यांनी फाईलमधून दुसरा कागद काढला. दुसऱ्या खेपेनंतर माहिती अधिकाराचा अर्ज करून, बत्तीस दिवस थांबून मिळवलेली, शिबिराच्या नोंदवहीच्या एका पानाची प्रमाणित प्रत. "आता हे वाचा. एका पानावर बावीस माणसं. आठ वर्षांचा मुलगा, पंचेचाळीस सेंटीमीटर. सत्तर वर्षांची बाई, पंचेचाळीस. माझी भाची, पंचेचाळीस. सगळ्यांची मापं एका हाताने, एका शाईने लिहिलेली. मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या सहीचा रकाना कोरा. बाई, माझ्या वर्गातल्या सगळ्यात आळशी पोरानेही खोटी मापं लिहिताना आकडे तरी बदलले असते!"

शेवटचे वाक्य भिंतींना जाऊन धडकले.

"आवाज खाली घ्या."

"घेतो. तुम्ही पेन वर घ्या." त्यांनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि खिशातून टेप काढून भाचीच्या मांड्यांवरून ताणली. "या, बघा. किती?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. भाचीने मान वाकवून टेपकडे पाहिले आणि एकेक अक्षर चावत म्हणाली, "अठ्ठा... वीस. बाई, तुम्हाला... लांबून दिसत नाही का? चष्मा... कपाळावर आहे."

कारकून खाकरला. बाईंनी चष्मा खाली ओढला.

"नकार द्या," मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज खरोखर खाली होता आणि त्यामुळे अधिक वाईट लागत होता. "फक्त कारण लिहा. 'या मुलीला मोजून, मापाची खुर्ची दिलेली आहे, सबब दुसरी देता येत नाही.' खाली नाव, हुद्दा, शिक्का, तारीख. मी ते पत्र आणि हे पान एकत्र लावून ट्रस्टला देईन. एक प्रत तुमच्या वरच्या कार्यालयाला. लिहा."

बाईंनी पेन उचलले. टोपण काढले. कोऱ्या कागदावर 'या मुलीला' असे लिहिले आणि त्या थांबल्या. बराच वेळ पेन तिथेच टेकलेले राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी तो कागद चुरगळला आणि खणातून नियमांची पुस्तिका काढली.

"एक तरतूद आहे," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "साधन अयोग्य ठरलं, तर तज्ज्ञाच्या दाखल्यावर, मुदतीआधी दुसरं देता येतं. संगणकावर नाही, हाताने शिफारस करावी लागते. तसा दाखला जोडा."

"पहिल्या खेपेपासून जोडलाय," बहीण म्हणाली. "दादाच्या पाच खेपा झाल्या, आज माझी मजुरी बुडाली, बाई. पुस्तिका तर या खणातच होती ना?"

बाईंनी नवा कागद ओढला. शिफारस तीन ओळींची झाली. मामांनी ती उभ्याने दोनदा वाचली, शिक्का पुसट उमटला म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला, पोच घेतली, आणि टेबलावरचे तुकडे मोजून डब्यात भरले.

*

मंजुरी सात आठवड्यांनी आली, ट्रस्टची त्यानंतर तीन आठवड्यांनी. बनवणाऱ्याच्या कारखान्यात भाचीला नव्या खुर्चीत बसवून बघायला सगळे गेले, थेरपिस्टही आली. तिने भाचीची कंबर मागे नेली, बाजूंचे आधार बसवले, पट्टा लावला. भाची सरळ बसली. तिच्या नाकाला बहिणीच्या नाकाची रेषा आहे, हे मामांना तेव्हा पहिल्यांदा दिसले. एरवी ते तोंड नेहमी एका खांद्याकडे कललेले असे. बहीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तिथल्या माणसाने कागद पुढे केला. "साधन मापाचं आहे, अशी सही करा, काका."

मामांनी पेन घेतले.

"मामा," भाची म्हणाली. "आधी मोज."

त्यांनी टेप काढली. रुंदी, खोली, पाठीची उंची, पायाची पाटी. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला, दरपत्रकाशी ताडून पाहिला आणि मगच सही केली. राग मात्र उतरला नव्हता, आणि उतरावा असे त्यांना वाटतही नव्हते. फाईलमध्ये ते पान तसेच होते. त्यावर अजून एकवीस नावे होती, पत्त्यांसकट.

"ताई," त्यांनी थेरपिस्टला विचारले, "रविवारी तुम्हाला वेळ असतो का? मापं मी घेईन. दाखले तुम्ही द्या."