थांबलेल्या कापडाचे मीटर

शरदचंद्रशेठचा फोन आला की सुजित सर मोबाइल माझ्यासमोर सरकवतात आणि स्वतः चहाला जातात. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीच्या अंगाला, आमचं दोन गाळ्यांचं ऑफिस आहे. जुन्या मशीनला नवे कंट्रोलर बसवून देणं हा आमचा धंदा. त्यातलं शिव्या खाणारं खातं माझं.

शेठचा उल्हासनगरात जीन्सचा कारखाना आहे. त्यांच्या कापड तपासायच्या मशीनला आम्ही मीटर बसवून दिला होता. कापडावर टेकलेलं एक चाक, चाकाच्या दांड्यावर, चाक फिरेल तसे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, देणारा एन्कोडर, आणि ते पल्स मोजून डिस्प्लेवर दाखवणारा आमचा बोर्ड. इतकी साधी गोष्ट. आणि तीच धड चालत नव्हती.

"मॅडम, तुमचा मीटर बोलतो शंभर मीटर कपडा गेला, कटिंग टेबलवर सत्त्याण्णव भरतो. बीच में कौन खाता है?" शेठ विचारायचे. वर पुढचंही सांगायचे, की मशीनवरच्या दोन बायकांपैकी बकुळाच्या रोलमध्ये फरक नसतो, फक्त ठमीच्याच रोलमध्ये येतो.

ठमी बारवीकडच्या पाड्यावरून यायची. मशीनवर कापड पुढे सोडायचं, डाग किंवा तुटका धागा दिसला की थांबवायचं, खडूने खूण करायची, पुन्हा सोडायचं, हे तिचं काम. संध्याकाळी निघताना तिची पिशवी उघडून बघायला लागले होते. तीन मीटर डेनिम त्या पिशवीत मावलंच नसतं, पण संशयाला माप नसतं. मला त्या पिशवीचा फार राग यायचा.

आम्ही बोर्ड तपासायला जायचो तो जेवणाच्या सुट्टीत, कारण मशीन तेव्हाच मोकळं मिळायचं. मी चाक फिरवायचे, टेप लावून बघायचे, आकडा चोख. पुढे, मागे, पुन्हा पुढे, चोख. तसंच परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

सुजित सरांनी घरबसल्या निदान केलं. "नॉइज आहे. पल्स मोजणाऱ्या इंटरप्टमध्ये थोडा डिले टाक, पहिल्या पल्सनंतर जरा वेळ कुणाचं ऐकायचंच नाही."

प्रोग्राम त्यांचाच, त्यामुळे निदानही त्यांचंच. मी नको म्हटलं, तरी टाकायला लावला. झालं काय, कापड जोरात धावायला लागलं की त्या न ऐकायच्या वेळात आलेले खरे पल्सही गळायला लागले. आता बकुळाचे रोल टेबलवर डिस्प्लेपेक्षा जास्त भरू लागले आणि ठमीचे तरीही कमीच. शेठ म्हणाले, एक चोरते, दुसरी घरून आणून घालते काय. मी डिले काढून टाकला आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग एकदा मी वेळेआधी पोचले. सुट्टी व्हायची होती, मशीन चालू होतं. ठमीला एक डाग दिसला. तिने कापड थांबवलं, खडू काढला, वाकली. कापड जागच्या जागी उभं, आणि डिस्प्लेवरचा आकडा हळूहळू वर चढत होता.

मी मशीनवर हात ठेवला. बारीक थरथर होती. भिंतीपलीकडे कारखान्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. थोड्या वेळाने सुट्टी झाली, कॉम्प्रेसर बंद झाला, थरथर गेली आणि आकडाही गप्प बसला. इतके दिवस आम्ही जेवणाच्या सुट्टीत येऊन एका निरोगी मशीनची नाडी बघत होतो.

एन्कोडरच्या दोन तारा असतात, ए आणि बी. दोन्हींवर सिग्नल चढतो-उतरतो, पण एक दुसऱ्याच्या किंचित मागून. कोण आधी चढलं यावरून कापड पुढे चाललंय की मागे ते कळतं. सरांचा प्रोग्राम फक्त ए चढण्याकडे कान देऊन होता. ए चढला आणि बी खाली असला की एक वाढव, बी वर असला की एक कमी कर. कापड चालत असताना हे ठीक. पण चाक नेमकं ए चढायच्या काठावर येऊन थांबलं आणि खालून थरथर आली, की ए चढतो, उतरतो, चढतो, उतरतो. बी तसाच खाली. प्रत्येक चढण्याला एक वाढतो आणि उतरणं कुणी ऐकतच नाही.

म्हणजे जी जास्त वेळा थांबवेल, तिच्या रोलमध्ये जास्त खोटं कापड. बकुळा दहा डागांतला एखादा धरायची. ठमी सगळे धरायची. बाई जेवढं नीट काम करत होती, तेवढी चोर ठरत होती. तिथेच बसून रडावं असं मला वाटलं.

मी सरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे, टायमरवर घे. पण शेठला फॉल्ट वगैरे बोलू नकोस हां. अपग्रेड बोल."

आमच्या चिपमधल्या टायमरला एन्कोडर वाचता येतो. दोन्ही तारांचं चढणं-उतरणं तो स्वतःच ऐकतो, पुढचं मिळवतो, मागचं वजा करतो. काठावर कितीही थरथरलं तरी एक वाढतो, एक कमी होतो, हिशोब जिथल्या तिथे. प्रोग्रामने फक्त आकडा वाचायचा. पण त्यासाठी तारा टायमरच्या ठरलेल्या पायांवर, म्हणजे चिपच्या पिनांवर, यायला हव्या होत्या, आणि सरांनी बोर्ड बनवताना त्या भलत्याच पायांवर आणल्या होत्या. मग बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक कापा, बारीक वायर डकवा. त्यात आता एका पल्सचे चार मोजले जातात हे मी विसरले, आणि पहिल्या चाचणीत एक मीटर कापड चार मीटर दाखवलं. सर म्हणाले, शेठ खूश होईल.

दुरुस्त बोर्ड घेऊन मी गेले तेव्हा मशीनवर बकुळा होती. मी बोर्ड बदलला. दिवसभर रोल गेले, टेबलवर मोजले, सगळे जुळले.

"बघा मॅडम," शेठ समाधानाने म्हणाले, "ठमीला सोमवारी काढली. चोरी बंद."

मला वाटलं, आत्ता हा बोर्ड उपटून फेकून द्यावा. माझ्याच दुरुस्तीने तिच्यावर शिक्का मारला होता. सरांचं अपग्रेड माझ्या तोंडात आलंसुद्धा, पण मी ते गिळलं.

"शेठ, कॉम्प्रेसर बंद करू नका. एक मिनिट इकडे या," मी म्हटलं. पिशवीतून जुना बोर्ड काढून पुन्हा जोडला. चाकाखालून कापड काढून टाकलं. बोटाने चाक अगदी थोडं-थोडं ढकलत गेले, आणि एका जागी आकडा आपोआप वर चढत सुटला. मी हात वर केले.

रिकाम्या मशीनवर कापड मोजलं जात होतं.

"असं समजा, उंबऱ्यावर एक माणूस डुलतोय," मी म्हटलं, "आणि वॉचमन फक्त आत आलेले मोजतोय. ठमी डाग बघायला थांबायची, तेव्हा हे व्हायचं. चोरी झालीच नाही. चूक आमच्या मशीनची आहे."

शेठनी चाकाखाली हात घालून बघितला. मग त्यांनी वॉचमनला बोलावलं आणि पाड्यावर निरोप धाडायला सांगितला. सुजित सर मला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी ठमी आली. शेठ तिला म्हणाले, "मशीन खराब होता." माफी वगैरे नाही. मी तिला नव्या बोर्डावर थांबलेलं कापड आणि थांबलेला आकडा दाखवला. तिने आकड्यावर बोट टेकवून बघितलं.

"ताई, मना वाटलंच व्हतं, थांबलं का वाढतंय," ती म्हणाली. "म्हनून मंग शेवटी शेवटी मी डाग सोडूनच देत व्हते."

तिने खिशातून खडू काढला, पण लगेच मशीनला हात लावला नाही.

"आता दिसला तर थांबवू ना?"