नीताचा कीबोर्ड

जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्ममध्ये आणि आसपासच्या शंभर किलोमीटरमध्ये कुठल्याही मराठी घरात वायफाय बंद पडलं, प्रिंटर रुसला, की एकच नाव निघतं : सत्यजित. माझा नवरा. शनिवारी सकाळी फोन येतो आणि हा नाश्ता अर्धा टाकून निघतो. लोक त्याला डबे भरून देतात. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात त्याला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

आता माझं सांगते. मी ऊर्मिला. पुण्यात मशीनची माहितीपुस्तकं लिहायचे. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं झाकण उघडायच्या आधी वीज बंद करायची, असलं सगळं. लग्नानंतर जर्मनीत आले, स्पृहा झाली, आणि अकरा वर्षं मी फक्त घराची माहितीपुस्तिका होते. कुणाचे मोजे कुठे, कुणाचा टेर्मिन, म्हणजे डॉक्टरची ठरलेली वेळ, कधी. दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये हाइलब्रोनच्या एका छोट्या कंपनीची जाहिरात दिसली. इंग्रजीत माहितीपुस्तकं लिहिणारी व्यक्ती हवी होती. मी अर्ज केला आणि चक्क उत्तर आलं. सोमवार, अठरा सप्टेंबर, सकाळी नऊ वाजता, घरून ऑनलाइन परीक्षा. नव्वद मिनिटं. एका उमेदवाराला एकदाच.

माझ्या लॅपटॉपवर स्पृहाने दोन वर्षांपूर्वी सफरचंदाचा रस सांडला होता. त्याची अर्धी बटणं तेव्हाच गेली. सत्यजितने त्याला आपला जुना ब्लूटूथ कीबोर्ड जोडून दिला. कीबोर्ड चांगला होता, खोड एकच. लॅपटॉप दहा मिनिटं नुसता ठेवला की झोपी जायचा, आणि जागा झाला की कीबोर्डला विसरायचा. कधी जोडणी तुटायची, कधी तुटायची नाही पण मी टाइप केलेलं पाच-पाच सेकंदांनी, गठ्ठ्याने उमटायचं. मधली अक्षरं गायब, आणि एखादं अक्षर मात्र ओळभर सांडलेलं. कीबोर्ड बंद करून चालू करायचा, वाट बघायची, मग कधी सुधारायचा, कधी नाही.

मी ऑगस्टपासून सांगत होते.

"रीस्टार्ट कर," सत्यजित म्हणायचा.

"रोज सकाळी तेच करते."

"मग बॅटरी बदल."

बॅटरीही बदलली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी म्हटलं, बारा युरोचा वायरवाला कीबोर्ड घेऊन येते, झंझट नको. तो दुखावला. "घरात सॉफ्टवेअर इंजिनिअर असताना तू वायर विकत आणणार? शनिवारी बसतो ना मी. आल्झो, म्हणजे कसं, अर्ध्या तासाचं काम आहे."

शनिवारी सोळा तारखेला सकाळी लुडविग्सहाफेनहून नीताचा फोन आला. नीता आमची ओळखीची. तिचा नवरा तिथल्या केमिकल कारखान्यात आहे, आणि ती रविवारी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. तिचा कॉम्प्युटर त्रास देत होता. सत्यजितने किल्ल्या उचलल्या.

"माझं?" मी विचारलं.

"दुपारपर्यंत येतो गं."

दुपारचे चार वाजले, सहा वाजले. दुकानात जाऊन यावं असं तीनदा मनात आलं. पण तो येऊन बघेल, आणि मी कीबोर्ड घेऊन आले तर पुन्हा तोंड पाडेल, म्हणून थांबले. हा माझा मूर्खपणा, तो मी कुणाच्या माथी मारत नाही. साडेआठला तो आला. दुकानं आठलाच बंद झाली होती, आणि रविवारी या देशात साधं टाचणीचं दुकानही उघडं नसतं. हातात नीताने दिलेला पुरणपोळ्यांचा डबा होता.

रविवारी दुपारी एकदाचा तो माझ्या लॅपटॉपसमोर बसला. सेटिंग्ज उघडली, काहीतरी बघितलं, दोन ओळी टाइप केल्या. "हे बघ. गेनाऊ, अगदी बरोबर. चालतंय की!"

"आत्ता चालतोच रे तो. झोपून उठला की बिघडतो."

"बघितलंय मी ते," असं म्हणत तो फोनवर बोलत बोलत बाल्कनीत गेला. दत्ता म्हणून कुणी नवीन आला होता, त्याचं राउटर.

सोमवारी नऊला मी बसले. एका पंपाची चौदा पानांची तांत्रिक माहिती दिली होती, ती वाचून सूचना लिहायच्या. पानं मी छापून घेतली, मला कागदावरच वाचायची सवय. लॅपटॉप झोपू नये म्हणून मधूनमधून टचपॅडवर बोट फिरवायची मला सवय लागली होती. पण त्या दिवशी मी वाचनात रमले. खरं सांगते, अकरा वर्षांनी रमले. वॉल्व्ह, दाब, तापमान, सगळं ओळखीचं वाटत होतं. कच्च्या टिपणात सूचनांचा क्रमसुद्धा लावला. मान वर केली तर स्क्रीन काळा.

जागा केला. घड्याळ पुढे धावत होतं, पासष्ट मिनिटं उरली होती. पहिलं वाक्य टाइप केलं. काहीच नाही. मग एकदम अर्धं वाक्य आलं आणि त्यामागून एस, एस, एस, दोन ओळी भरून. कीबोर्ड बंद केला, चालू केला. ब्लूटूथ बंद केलं, चालू केलं. रीस्टार्ट करता येत नव्हतं, पान बंद झालं की परीक्षा संपली असं वर ठळक लिहिलेलं. सत्यजितला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. पुसायचं, लिहायचं, पुन्हा पुसायचं. शेवटची वीस मिनिटं मी स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून एकेक अक्षर टचपॅडने टिपत बसले, तांदळातले खडे वेचावेत तशी. चौदा सूचना डोक्यात तयार होत्या. कागदावर होत्या. पडद्यावर सहा उतरल्या, त्याही चुकांनी भरलेल्या.

आठवड्याने पत्र आलं. भाषा सभ्य होती. काम अपूर्ण आहे, आणि या कामाला लागणारी काळजी लिखाणात दिसत नाही. काळजी! मला रडू कोसळलं. स्पृहाने दप्तर टाकत विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर म्हणाली, "इस्ट डोख एगाल, मामा." म्हणजे, काय फरक पडतो. दहा वर्षांच्या मुलीला तरी काय बोलणार. आईला नोकरी असते हे तिने कधी पाहिलेलंच नाही.

सत्यजितला वाईट वाटलं. तो म्हणाला, "नेमकं त्याच दिवशी बिघडावा! नशीब गं." मीही नशीबच म्हटलं. त्याच्यासाठी चहा टाकला.

मग ऑक्टोबरच्या मध्यावर, एका दुपारी, बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शमिकाने विचारलं, लॅपटॉप झोपून उठला की माझा ब्लूटूथ कीबोर्ड अडखळतो, कुणाला उपाय माहीत आहे का? नीताने लगेच एक मेसेज पुढे पाठवला. "सत्यजितने आमच्याकडे केलं होतं त्या शनिवारी, मग सगळं लिहूनही पाठवलं. बघ."

मेसेज सत्यजितचा होता. मी त्याची भाषा ओळखते.

"नीता, पुन्हा लागलं तर असावं म्हणून लिहून ठेवतो. गेरेटे-मॅनेजर, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडायचा. त्यात ब्लूटूथच्या यादीत कीबोर्ड नाही, ब्लूटूथचा अडॅप्टर निवडायचा. त्याच्या गुणधर्मांत वीज वाचवण्याचं पान आहे. तिथे ‘वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर हे उपकरण बंद करू शकतो’ अशी खूण असते, ती काढायची. झोपताना कॉम्प्युटर ब्लूटूथ बंद करतो आणि उठल्यावर नीट जागं करत नाही, म्हणून त्रास. खूण काढल्यावर एकदा रीस्टार्ट. मग मुद्दाम तीन वेळा झोपवून उठवून बघायचं, नुसतं चालतंय म्हणून सोडायचं नाही. आमच्या हिच्या लॅपटॉपला हाच आजार होता. तिच्यावर आधी प्रयोग केला, रामबाण!"

मी दोनदा वाचलं. मग लॅपटॉप उघडला. गेरेटे-मॅनेजर, ब्लूटूथ, अडॅप्टर, गुणधर्म, वीज वाचवण्याचं पान. खूण तिथेच होती. जशी कारखान्यातून आली तशी, कुणी हातही न लावलेली. मी ती काढली, रीस्टार्ट केलं. मग तीन वेळा झोपवला आणि तीन वेळा उठवला. कीबोर्ड तिन्ही वेळा पहिल्याच अक्षराला हजर. सगळं मिळून सहा मिनिटं लागली.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी मेसेज त्याच्यासमोर धरला.

"हो, मीच लिहिलाय. का?"

"माझ्यावर आधी प्रयोग कधी केलास?"

"कधी म्हणजे? केला ना. तू इतकं सांगत होतीस त्यावरून तर मला कारण सुचलं."

"खूण आज दुपारी मी काढली, सत्यजित. माझ्या हाताने."

तो कपाळावर आठ्या घालून खरोखर आठवायला लागला. "नाही गं... मी केलं होतं. रविवारी. मला पक्कं आठवतंय, मी ती खूण काढली होती."

"ती नीताकडची. शनिवारी."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होईना. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. त्याने माझा आजार उचलून नीताच्या घरी नेला, तिथे बरा केला, आणि मी बरी झाले असं मनापासून समजून घरी आला. तीन वेळा झोपवून उठवून बघायला त्याला तिथे वेळ होता. घरी दोन ओळी टाइप करून भागलं.

"अगं, मग सांगायचंस ना नीट," तो म्हणाला.

लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप उघडलेलं होतं. ग्रुपमध्ये शमिकाचं काम झालं होतं आणि सगळ्या जणी सत्यजितचं कौतुक करत होत्या. नीताने लिहिलं होतं, "ऊर्मिला भाग्यवान! घरातच डॉक्टर."

मी लिहायला बसले. एकही अक्षर गळलं नाही, एकही अडखळलं नाही.

"सत्यजितने हा उपाय नीताकडे शनिवारी सोळा तारखेला केला. माझी नोकरीची परीक्षा सोमवारी अठराला होती. कीबोर्ड मध्येच बंद पडला आणि नोकरी हातची गेली. माझ्या लॅपटॉपवरची खूण आज मी स्वतः काढली."

सत्यजित माझ्या मागे उभा राहून वाचत होता. "ऊर्मिला, नको," तो म्हणाला. मी पाठवलं.

पहिली शमिका : हसणारे तीन चेहरे. "अगं, दिव्याखाली अंधार!" मग नीता : "सगळ्या नवऱ्यांचं हेच, आमच्याकडे नळ सहा महिने गळतोय." मग अहिल्या, मग कुंदाताई, मग ज्यांची नावंही मी नीट ओळखत नाही अशा दहा-बारा जणी. हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे खालून वर सरकत राहिले. नोकरीबद्दल कुणीही एक शब्द विचारला नाही.

मागे सत्यजितने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग तोही हसला, सुटल्यासारखा, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ," तो म्हणाला, "मी उगाच घाबरलो. बरं, आता तर चालतोय ना? मग दे की पुन्हा ती परीक्षा."