सत्तावन्नावा नेम

छप्पन्न छर्रे मारून झाल्यावर ताईने जे बघायचं नाही ते बघितलं. शेजारच्या पडद्यावर तिची बेरीज होती, पाचशे पंच्याऐंशी पूर्णांक नऊ.

तिला रेंजवर सगळे ताईच म्हणत. वय तेहतीस, आणि रांगेत डावी-उजवीकडे उभ्या असलेल्या पोरी एकोणीस-वीसच्या. तोंडावर ताई, पाठीमागे कासव, कारण प्रत्येक नेमाला ती इतका वेळ घ्यायची की बाकीच्यांचे साठ नेम संपून बॅगा भरल्या जायच्या तरी ही आपली पन्नासाव्यावर. तिला त्याचं काही वाटत नसे. पंचाहत्तर मिनिटं दिलीत ती वापरायलाच दिलीत, असं ती म्हणे.

तिच्या खात्याचा नियम मात्र सरळ होता. वर्षातून एकदा तरी सहाशे सत्तावीस गाठायचे. नाही गाठले तर खात्याने दिलेली रायफल परत करायची आणि सकाळची सरावाची सवलत सोडून नऊच्या ठोक्याला आवक-जावक विभागात हजर व्हायचं. यंदा दोनदा प्रयत्न झाले होते. एकदा सहाशे चोवीस, एकदा सहाशे सव्वीस पूर्णांक आठ. आज तिसरा आणि शेवटचा.

दोन दशांशांनी माणसाचं काय काय जातं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. दहा मीटरवरच्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, पण दहा म्हणजे इथे काठावर पास. छर्‍याचा मध्य निशाण्याच्या मध्याकडे जसजसा सरकेल तसा दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि अगदी मधोमध बसला तर दहा पूर्णांक नऊ. त्याच्या पुढे काही नाही. एका खोल श्वासाने छाती हलते तेवढ्यात रायफलीचं तोंड कुठल्या कुठे जातं, मग पाव मिलिमीटरची गोष्टच नको.

हे सगळं तिला बाबांनी शिकवलं होतं. बाबा घड्याळजी. स्वतः कधी स्पर्धेत उतरले नाहीत, पण बारीक स्प्रिंगची आणि दातेरी चक्राची त्यांना जन्माची जाण होती, आणि रायफलीचा ट्रिगर म्हणजे शेवटी तेच. तिच्या ट्रिगरचं वजन त्यांनीच बसवलेलं. "पहिला टप्पा मोकळा आहे, तो नेम स्थिरावतानाच खाऊन टाकायचा," ते सांगत. "मग भिंत लागते. भिंतीवर बोट टेकवून ठेवायचं आणि सरळ मागे दाब वाढवत न्यायचा. तू ठरवून ओढलास की संपलं. बोट ठरवतं ते मनगटाला आधी कळतं, आणि मनगट दगा देतं." श्वासाचंही तसंच. दोन सावकाश श्वास, तिसरा बराचसा सोडायचा, आणि पुढचा घ्यावासा वाटेपर्यंत जी शांतता असते तेवढीच आपली. सहा सेकंद, फार तर आठ. त्यात सुटला तर सुटला, नाहीतर रायफल खाली. आठच्या पुढे रक्तातली हवा कमी पडते, डोळा जुनंच चित्र दाखवत राहतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

आता बाबांचं दुकान बंद होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून चक्रं दिसेनाशी झाली होती. ताईच्या स्पर्धा हेच काय ते उरलेलं काम. मागच्या बाकावर बसून ते शेजाऱ्याला आकडे वाचून दाखवायला लावत, आणि शेजारी कंटाळून उठला की दुसरा शेजारी धरत.

पाचशे पंच्याऐंशी पूर्णांक नऊ. लिव्हर उघडला होता, डावा हात छर्‍यांच्या डबीकडे निघाला होता, आणि डोक्यात वजाबाकी सुरू झाली. चार नेम, एक्केचाळीस पूर्णांक एक लागतात. म्हणजे दर नेमाला दहा पूर्णांक तीनसुद्धा नाही. दहा-तीन तर आपण झोपेत मारतो, असं तिच्या मनात आलं. हाताने लिव्हर बंद केला.

तिने रायफल उचलली. गाल टेकला, नळीच्या टोकावरच्या वर्तुळात निशाण्याचं वर्तुळ बसलं. पण मन बेरजेत होतं आणि भिंतीवरचं बोट पुढे जाईना. सहा गेले, आठ गेले, काळ्या निशाण्याची कड पुसट व्हायला लागली. तिने रायफल खाली घेतली. शेवटच्या चारमध्ये, इतकं जवळ आलेलं असताना, रायफल खाली घ्यायला हिंमत लागते. मागे बाबांना बरं वाटलं असेल, असं वाटून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दोन श्वास घेतले. बेरीज गेली. तिसरा श्वास निघून गेला आणि सगळं असं थांबलं की हृदयाच्या दोन ठोक्यांमधली जागा तिला स्वच्छ कळली. भिंत लागली, दाब वाढला, आणि ट्रिगर सुटला. रायफल हलली नाही. सुटल्यानंतरही वर्तुळ मधोमधच होतं.

फक्त धक्का हलका होता. हवेचा नुसता फुसकारा, आणि समोर छर्रा आदळल्याचं काहीच नाही. पडद्यावर छप्पन्नच.

तिला त्याच क्षणी कळलं. छर्रा घातलाच नव्हता. रिकामी रायफल तिने एकदा भरलेली समजून खाली घेतली, आणि एकदा खाली घेतली म्हणून दुसऱ्यांदा भरलेलीच असणार असं धरून उचलली. सामना सुरू झाल्यावर हवा सोडली आणि निशाण्यावर काही लागलं नाही, तर नियमाने शून्य. ज्या पोरीने काल रायफल हातात धरली तिनेही करू नये अशी चूक. पण पोरी ती करत नाहीत. पंधरा वर्षं हात आपोआप चालणाऱ्यांकडूनच ती होते.

तिने हात वर केला. रेंज ऑफिसर आला, वाकून हळू आवाजात विचारलं, "काय झालं?"

"नोंद झाली नाही," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"टार्गेटने घेतला नसेल. एक जादा मारा. पुढचं ज्युरी बघेल."

तिने छर्रा घातला, या वेळी डोळ्यांनी बघून, आणि मारला. दहा पूर्णांक तीन. यंत्र ठणठणीत होतं. उरलेल्या तीन नेमांना श्वास खालपर्यंत जाईचना. दहा-चार, दहा-एक, दहा-पाच. या हाताला आज काय बोल लावायचा, असं म्हणत तिने रायफल ठेवली.

मागे बाबा उभे राहिले होते. जादा नेम धरला तर सहाशे सत्तावीस पूर्णांक दोन होत होते. ही बेरीज त्यांनी तोंडी केली आणि शेजाऱ्याकडून दोनदा तपासून घेतली. ताई जाकिटाची बकलं सोडेपर्यंत ते काठी टेकत ज्युरीच्या टेबलापाशी पोचलेही होते.

ज्युरीच्या बाई शांत होत्या. निशाण्यातली, नोंद झालेल्या दर नेमामागे पुढे सरकणारी कागदी पट्टी त्यांनी दिव्याखाली भिंगाने बघायला धरली होती. "काका, बघा, इथे एकच छिद्र आहे. हे जादा नेमाचं. मध्यापासून दीड-पावणेदोन मिलिमीटर बाजूला. त्याच्या आधीच्या छर्‍याचं कुठेच काही नाही. मागच्या पुठ्ठ्यावर नाही, चौकटीवर नाही."

"त्याच छिद्रातून गेला असेल," बाबा म्हणाले.

"दोन गेले असते तर छिद्र थोडं तरी लांबट झालं असतं."

"थोडं म्हणजे किती? केसाएवढं? तुमच्या त्या भिंगातून केस दिसतो का?" बाबांचा आवाज चढला. "यंत्रं बिघडतात बाई. मी चाळीस वर्षं यंत्रंच उघडली. माझी मुलगी दहा मीटरवरून निशाण्याबाहेर मारेल का? तुम्हीच सांगा. पंधरा वर्षांत तिचा छर्रा नवाच्या बाहेर गेला नाही. तो गेला कुठे मग? खाल्ला तिने?"

रेंज ऑफिसर हसू दाबत होता. बाईंना ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्यांनी पट्टी पुन्हा एकदा पाहिली. "शंकेला जागा आहे, इतकंच म्हणता येईल," त्या म्हणाल्या. "खेळाडूने लेखी दिलं की छर्रा भरून नेम धरून मारला होता, तर आम्ही बसून विचार करू." त्यांनी कागद पुढे सरकवला. बाबांनी खिशातलं पेन काढून ताईच्या हातात दिलं. टोपण त्यांनी आधीच काढलं होतं.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे कागदाच्या थोडे डावीकडे लागले होते, कागद नीट दिसत नव्हता म्हणून. आवक-जावक विभागातलं ते खिडकीजवळचं टेबल तिला दिसलं, सकाळी नऊपासून. सही केली तर कदाचित टळलं असतं. कदाचित. तिला फार इच्छा झाली. एवढी इच्छा कधी पदकाचीही झाली नव्हती.

"छर्रा भरला नव्हता," ती म्हणाली. "मी विसरले."

बाईंनी कागद मागे घेतला, जादा नेम रद्द केला आणि सत्तावन्नाव्यासमोर शून्य लिहिलं. सहाशे सोळा पूर्णांक नऊ. पोरींपैकी एकीने "ताई" असं हळूच म्हटलं आणि ती निघून गेली.

सामान भरायला वेळ लागला. रायफलीच्या पेटीच्या आत खात्याचा क्रमांक चिकटवलेला होता. सोमवारी ती भांडारात जमा होणार आणि पुढच्या आठवड्यात कोण्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात जाणार. बाबांनी बसवलेला ट्रिगर ती पोर पहिल्याच दिवशी बदलून घेईल. ताईने पेटी बंद केली. बाबा बाकावर बसून होते, पेन अजून हातात.

ती त्यांच्याजवळ बसली. "चुकलंच बाबा. बेरीज बघितली मी."

"हं."

"तुम्हाला उगाच भांडायला लावलं. आधीच सांगायला हवं होतं."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. एकदा ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. "मला ऐकू आलं होतं ग," ते म्हणाले. "रिकामा सुटलेला मला कळणार नाही? डोळे गेलेत, कान नाही गेले."

ती त्यांच्याकडे वळली. "मग भांडलात कशाला?"

"मला वाटलं, तुला कळलं नाही." त्यांनी काठी जमिनीवर नीट टेकवली, पण ते उठले नाहीत. "म्हटलं, यंत्राने घात केला असं समजून तरी घरी येशील. ते सोसता येतं माणसाला."