दोनशे एकोणीस युनिट

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी नेनूने आरोग्यखोलीचं कुलूप काढलं, तेव्हा फ्रिज बंद होता. इन्शुलिनच्या सहा बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. पत्र्याच्या त्या खोलीत थर्मामीटर तेवढ्या सकाळीही सदतीसवर होतं.

ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या छोट्या वस्तीत, सत्तावीस घरं. विजेची तार अजून चौदा किलोमीटर अलीकडेच थांबलेली, त्यामुळे खोलीच्या छपरावर सौर पट्ट्या आणि आत बॅटरी, इन्व्हर्टर. ढाणीची आशा सेविका नेनू औषधं सांभाळायची, किल्ली तिच्याकडे. सहापैकी चार बाटल्या ढाणीतले वडीलधारे अणदाराम बा यांच्या नातीच्या होत्या. पोरगी नऊ वर्षांची. चालू बाटली घरी ओल्या मडक्यात होती, ती गुरुवारपर्यंत पुरणार होती.

आठ वाजता दारात पंधरा माणसं होती. शाळेचे मास्तर भोमाराम आत गेले, त्यांनी बॅटरीचा दिवा पाहिला. हिरवा. पूर्ण भरलेली.

"बॅटरी भरलेली आहे, म्हणजे वीज होती," ते म्हणाले. "कुणीतरी बटण बंद केलं असणार."

कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. गरजही नव्हती.

"मोबाइल लावायला फ्रिजची पिन काढली असशील, बाईसा!" मागून एक जण म्हणाला. "नाहीतर लेकीच्या सासरच्यांना पंख्याचा वारा घालायला!"

"शनिवारी संध्याकाळी फ्रिज चालू होता," नेनू म्हणाली. "रविवारी मी लसीकरणाला होते. विचारा."

"चालू होता, मग काय भुताने बंद केला?" अणदाराम बांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

तिने दिली. मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

त्यांना तेव्हाच फ्रिजबद्दल शंका आली होती, असं त्यांनी नंतर कबूल केलं. डिसेंबरात फ्रिज निवडायला ते आणि नेनू शहरात गेले होते. सौरवाल्याने बजावलं होतं: फ्रिजला दिवसाला अर्धा युनिट, त्याहून जास्त नाही. दुकानात नेनूने एका दाराच्या छोट्या फ्रिजवर बोट ठेवलं. तीन तारे, खाली लिहिलेलं वर्षाला १४६ युनिट. शेजारी दोन दारांचा मोठा होता. चार तारे, २१९.

"मास्टरसा, याचा आकडा मोठा आहे," ती म्हणाली होती.

"आकडा दुकानदारासाठी असतो. आपण तारे मोजायचे. जास्त तारे, कमी वीज," ते दुकानदारासमोर हसून म्हणाले होते. "आठवी पास बाई मला वीज शिकवते!"

दुकानदारही हसला होता. शेवटी मोठाच घेतला होता.

अकरा वाजता सौरवाला इलमदीन मोटरसायकलवरून आला. त्याने इन्व्हर्टरची नोंद बघितली. शनिवारची मध्यरात्र उलटून बारा वीसला बॅटरी तळाला गेली आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडला. एकदा पडला की हाताने बटण दाबल्याशिवाय उठत नाही. दिवसभर उन्हाने बॅटरी भरली, फ्रिज मात्र बंदच. एकतीस तास.

"कुणी काही बंद केलेलं नाही," तो म्हणाला. मग फ्रिजच्या दारावरच्या लेबलपुढे उकिडवा बसला. "दोनशे एकोणीस. भागिले तीनशे पासष्ट. रोज शून्य दशांश सहा. तेही प्रयोगशाळेत, दार न उघडता. या भट्टीत जास्तच. हिवाळ्यात खपून गेलं."

"पण चार तारे आहेत," कुणीतरी म्हणालं.

"तारे त्याच्या जातीत, त्याच्या मापात. मोठ्या उंटांत हा कमी खाणारा. म्हणून काय शेळीपेक्षा कमी खातो?" दोघंतिघं हसले. "निवडला कुणी?"

अणदाराम बांनी नेनूकडे पाहिलं. "ही गेली होती शहरात."

मास्तरांनी घसा खाकरला. "आम्ही दोघं गेलो होतो."

नेनूने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इलमदीन पक्कड पिशवीत भरू लागला. तो निघाला असता तर विषय तिथेच संपला असता.

"मी निवडला," मास्तर म्हणाले. आवाज फार लहान होता, म्हणून बांनी पुन्हा विचारलं. "मी. हिने आकडा वाचून दाखवला होता. मी हिला हसलो. आणि सकाळी बॅटरी बघून जे बोललो..."

त्यांच्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं. सकाळी टोमणा मारणारा माणूस विडी शोधायला बाहेर गेला.

बांनी किल्ली नेनूपुढे धरली. "घे, बाई."

"आधी औषध आणते," ती म्हणाली.

पावणेबाराला ती इलमदीनच्या मोटरसायकलवर मागे बसून सत्तर किलोमीटरवरच्या रुग्णालयाकडे निघाली. मास्तर म्हणाले, मीही येतो. तिने जागा नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सहापर्यंत ती परतली नव्हती. रुग्णालयातून तिने बांना फोन केला: साठा उद्या येणार, ती थांबणार आहे. आल्यावर किल्ली परत घेशील ना, असं बांनी विचारलं. फोन तेवढ्यात तुटला की तिने ठेवला, हे बांना सांगता आलं नाही.