मधली नऊ वर्तुळं

काकांना एकतीसच हवे होते. आमच्या लाकूड तपासणीच्या खोलीत ते सकाळीच येऊन बसले आणि मोबाईलवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. वादळात कललेलं अंगणातलं झाड कापलं, बुंधाही उखडून नेला, उरला तो एवढा फोटो. बुंध्यावर त्यांनी आपली शिंप्याची फीत आडवी ठेवली होती. हे मात्र झकास केलं होतं, नाहीतर लोक नुसता फोटो पाठवतात आणि माप विचारतात.

"एकतीस वर्तुळं. सालीकडून आत मोजली," काका म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीच आम्ही घरात आलो. शेजारी म्हणतो, झाड आधीपासून होतं. उद्या सुतार बाक करायला घेतोय, त्यावर 'हिने लावलेलं झाड' असं कोरायचंय. तू फक्त हो म्हण."

काकू जाऊन सहा महिने झाले होते. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मोजल्याशिवाय हो म्हणायची मला मेलीला सवयच नाही.

फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष, तेवढं काकांनी बरोबर धरलं होतं. पण मधला काळपट ठिपका त्यांनी गाभा समजून सोडला होता. उजेड वाढवला तशी त्यात बारीक वर्तुळं दिसू लागली. तीनदा मोजली. नऊ.

"काका, चाळीस आहेत. झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलंय, तेवढं वाढायला लागलेली एखाद-दोन वर्षं वेगळी."

"म्हणजे तिने लावलं नाही."

"नाही."

त्यांनी फोन खिशात टाकला. मला स्वतःचाच राग आला. हात मात्र चालूच होता, कारण हिशेब अर्धवट होता. मध्यापासून सालीच्या आतपर्यंत वीस सेंटीमीटर, चाळीस वर्षं, सरासरी वर्षाला पाच मिलिमीटर. पण पडद्यावर पाच कुठेच दिसेना. सरासरीने मला चक्क बनवलं होतं.

"थांबा काका! आतली नऊ जेमतेम दोन-दोन मिलिमीटरची आहेत. त्यानंतरची सगळी साधारण सहाची. एकतीस वर्षांपूर्वी एकाएकी झाड वाढत सुटलंय. तेव्हा काय झालं, ते लाकूड सांगत नाही."

काकांनी पडद्यावरच्या त्या नऊ वर्तुळांवर बोट ठेवलं.

"आल्या आल्या तिने मोरीचं पाणी तिकडे वळवलं," ते म्हणाले. "काडी होती नुसती. मी म्हटलं, उपटून टाक, मरतुकडं आहे. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही."

मग त्यांनी गळ्यातली फीत काढली, सहा मिलिमीटरवर नख ठेवलं आणि डोळे पुसत विचारलं, "एवढं? दरवर्षी?"